दमट उकाड्यातील दुभती जनावरे

जूनच्या पहिल्या पावसानंतर पारा उतरतो, तरी अनेक गोठ्यांत दूध घटते. दमट हवेत घाम आणि श्वासावाटे होणारे बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे उष्णता अंगातच साठते. म्हशीला घामग्रंथी कमी आणि कातडी काळी, म्हणून तिला त्रास अधिक. जनावर बसायचे टाळते, वैरण कमी खाते, लाळ गाळत धापा टाकते. सावलीत शांत उभ्या गाईची कूस मिनिटाला 60 पेक्षा जास्त वेळा हलत असेल, तर तो स्पष्ट इशारा आहे. दूध एक-दोन दिवसांनी उतरते, म्हणून आधी श्वास मोजावा. उंच छपराची, वारा खेळणारी सावली हवी आणि पाणी सतत समोर हवे. दुभते जनावर उकाड्यात 100 लिटरपर्यंत पिते. बंद गोठ्यात नुसते फवारे दमटपणा वाढवतात. अंग भिजवल्यावर पंखा लावलाच पाहिजे.