दिल्लीचे वार्तापत्र : तोंडी परीक्षेचे तीस गुण

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत तिच्या स्वस्त कपड्यांच्या बाजारासाठी ओळखली जाते आणि एम्स, आयआयटी व जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (जेएनयू) या संस्था तिथून काही किलोमीटरच्या टापूत असल्यामुळे, नांदेड-लातूरकडून आलेला, घराण्यात प्रथमच पदवीपर्यंत पोचलेला विद्यार्थी मुलाखतीचा शर्ट घ्यायला इथे येतो, तेव्हा त्याला विकत घेता येण्याजोगे जे काही आहे ते मिळालेले असते.

जे विकत मिळत नाही त्याला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ‘हॅबिटस’ म्हटले. म्हणजे घरात आणि शाळेत नकळत अंगात मुरलेली बोलण्याची, बसण्याची, अपेक्षा बाळगण्याची घडण. ‘क्षेत्र’ म्हणजे विशिष्ट गुणांनाच मोल असणारा सामाजिक आखाडा. घडण आणि क्षेत्र जुळले की माणूस सहज वावरतो. जुळले नाहीत तर त्याची प्रत्येक हालचाल त्यालाच जाणवू लागते. बेआर्न प्रांतातल्या खेड्यातून पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये पोचलेले बोर्द्यू हे टपाल कर्मचाऱ्याचे पुत्र होते आणि या विसंगतीला त्यांनी पुढे ‘दुभंगलेले हॅबिटस’ असे नाव दिले.

मुलाखतीच्या खोलीत हा विद्यार्थी खुर्चीच्या कडेवर बसतो, प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि विचारले तेवढेच नेमके सांगतो, कारण त्याच्या शाळेत हीच शिस्त उत्तम मानली गेली. प्राध्यापकांच्या घरातला उमेदवार मात्र प्रश्नच दुरुस्त करतो आणि त्याची गणना स्वतंत्र विचार करणाऱ्यांत होते.

जेएनयूच्या एम.फिल., पीएच.डी. प्रवेशात लेखीला 70 आणि तोंडीला 30 गुण असत. अब्दुल नाफे समितीने 2016 मध्ये दोन्ही गुण सामाजिक प्रवर्गांनुसार ताडून पाहिले, तेव्हा त्यांतील तफावत भेदभावाकडे बोट दाखवते असे तिला आढळले आणि तोंडीचे गुण 15 वर आणावेत अशी शिफारस तिने केली. समजा, पहिल्या उमेदवाराला लेखीत 45 व तोंडीत 8, तर दुसऱ्याला 38 व 22 गुण पडले, तर दुसरा 60 विरुद्ध 53 असा पुढे राहतो. हेच गुण 85 आणि 15 च्या प्रमाणात मोजले, तर पहिल्याचे सुमारे 58.6 आणि दुसऱ्याचे 57.1 होतात, म्हणजे उमेदवार तेच राहून क्रम उलटतो.

मात्र इथे बोर्द्यूंच्या संकल्पनेची मर्यादाही मान्य करायला हवी. तोंडीत कमी गुण पडले ते घडण न जुळल्यामुळे, की समोर आडनाव आल्यामुळे, हे गुणपत्रक सांगत नाही. आणि सारे खापर हॅबिटसवर फोडले, तर जाणूनबुजून केलेला जातिभेदही निरागस ठरतो. या दोन कारणांतला फरक ओळखण्यासाठी प्रश्न कोणाला कसे विचारले गेले, याची नोंद लागते.

समितीच्या शिफारशीला मात्र उलटीच वाट मिळाली, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमावलीने लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून संशोधनाच्या जागांची निवड संपूर्णपणे मुलाखतीवर सोपवली.