कुलूपबंद जिना आणि ‘मॅन्युअल’वरचा पंप : फायर ऑडिटचा अहवाल कसा वाचावा

व्यापारी इमारतीच्या फायर ऑडिटचा अहवाल पन्नास पानांचा असला तरी त्याचा गाभा एका तक्त्यात मावतो. काय आढळले, त्यात जोखीम किती, दुरुस्ती कोणी करायची आणि कधीपर्यंत, असे त्या तक्त्याचे चार रकाने असतात. बाकीची पाने छायाचित्रे, नकाशे आणि मोजमापांची असतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या स्थानक परिसरात खाली दुकाने, मधे क्लासेस, वर कार्यालये अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बाबतीत हा तक्ता नीट वाचता येणे हे गाळेधारकाचे काम आहे, कारण दुरुस्तीचा खर्च आणि जबाबदारी अखेर त्याच्याच दारात येते.

फॉर्म बी आणि ऑडिट

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा कायदा विकासक, मालक किंवा भोगवटादार यांच्यावर उपाययोजनांची जबाबदारी टाकतो. बसवलेली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यावे लागते. बोलीभाषेत यालाच ‘फॉर्म बी’ म्हणतात. अनेक इमारतींत फॉर्म बी भरला की ऑडिट झाले, असा समज असतो.

दोन्हींचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. फॉर्म बी विचारतो, यंत्रे चालू आहेत का? ऑडिट विचारते, आग लागली तर आतली माणसे बाहेर पडतील का? पंप, अलार्म, सिलिंडर सगळे ठणठणीत असूनही जिन्याचे दार कुलूपबंद असेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ येते. 29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल आवारातल्या आगीत 14 जणांचा जीव गेला, तो मुख्यतः धुराने गुदमरून. बाहेर न पडता आलेले कित्येक जण स्वच्छतागृहात सापडले. आगीच्या आधी धूर माणसाला गाठतो, म्हणून चांगला अहवाल सुटकेच्या वाटेपासून सुरू होतो आणि यंत्रांकडे नंतर येतो.

जोखमीचा आकडा कुठून येतो

जोखमीची श्रेणी बहुतेक तपासनीस एका साध्या गुणाकाराने ठरवतात. घटना घडण्याची शक्यता 1 ते 5 आणि घडली तर होणारी हानी 1 ते 5, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. 15 किंवा त्यावर आकडा गेला की ‘अतिगंभीर’, त्याखाली ‘गंभीर’, ‘मध्यम’, ‘सौम्य’. या सीमारेषा कायद्याने आखून दिलेल्या नाहीत. तपासनीस त्या अहवालाच्या सुरुवातीला सांगतो आणि त्यांनुसारच तक्ता वाचायचा असतो.

गुणाकाराची एक खोड आहे. वारंवार घडणारी किरकोळ गोष्ट आणि क्वचित घडणारी जीवघेणी गोष्ट, दोन्हींचा आकडा सारखाच येऊ शकतो. शक्यता 5 आणि हानी 1 यांचे उत्तर 5, तसेच शक्यता 1 आणि हानी 5 यांचेही 5. त्यामुळे जाणता तपासनीस आकड्याच्या वर एक नियम ठेवतो. माणसांची बाहेर पडण्याची वाट अडवणारी कोणतीही गोष्ट, गुणाकार काहीही येवो, ‘अतिगंभीर’ धरायची.

एका इमारतीचा तक्ता

नमुन्यासाठी एक इमारत घेऊ. ती कुठलीही विशिष्ट इमारत नाही, पण तिच्यासारख्या अनेक आहेत. तळमजला अधिक सात मजले, उंची सुमारे 26 मीटर. खाली दुकाने, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कोचिंग क्लास, वर कार्यालये. प्रत्येकी दीड मीटर रुंदीचे दोन जिने. तक्त्यातल्या तीन नोंदी पाहू.

पहिली नोंद : मागच्या जिन्याच्या तळमजल्यावरच्या दाराला कुलूप, लँडिंगवर दुकानाची खोकी. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016च्या आवृत्तीत अशा वापरासाठी जिन्याच्या रुंदीचा हिशेब माणशी 10 मिलिमीटर असा आहे. म्हणजे दीड मीटरचा एक जिना एका मजल्यावरच्या 150 माणसांना पुरतो आणि दोन जिने 300 जणांना. क्लासच्या मजल्यावर संध्याकाळच्या बॅचला 240 विद्यार्थी असतात. कागदावर वाट पुरेशी आहे. कुलूप लावताच क्षमता 150वर येते आणि 90 मुलांना वाटच उरत नाही. शिवाय धूर पुढच्या जिन्यात शिरला तर उरलेल्या दीडशेंनाही वाट राहत नाही. श्रेणी अतिगंभीर.

कुलूप लावणाऱ्याचे कारणही खोटे नसते. मागच्या दाराने चोर येतात. त्यामुळे ‘कुलूप काढा’ एवढेच लिहिणारा अहवाल आठवड्याभरात निष्फळ होतो, कारण कुलूप परत लागते. चांगल्या अहवालात इथे दोन तारखा असतात. कुलूप आणि खोकी आजच्या आज हटवायची आणि क्लासच्या वेळेत दाराशी रखवालदार उभा करायचा. पंधरा दिवसांत दाराला पॅनिक बार बसवायचा. आतून आडव्या दांड्याला ढकलले की दार उघडते, बाहेरून ते उघडत नाही. चोराची भीतीही मिटते आणि वाटही मोकळी राहते.

दुसरी नोंद : विजेची डक्ट प्रत्येक मजल्यावर उघडी. तळमजल्यावरच्या मीटर रूममधून केबली उभ्या डक्टमधून वर जातात. स्लॅबमधून केबल काढताना भोक पाडले जाते आणि ते तसेच राहते. मीटर रूममध्ये ठिणगी पडली तर डक्ट धुराड्यासारखी ओढ धरते आणि काही मिनिटांत सातव्या मजल्यावर धूर पोहोचतो. ही चूक ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. खालच्या मजल्यावर डक्टमध्ये टॉर्च लावून वरच्या मजल्यावरून पाहिले की उजेड दिसतो. उजेड जातो तिथून धूर जातो. श्रेणी गंभीर.

मीटर रूममध्ये ठेवलेले झाडू, रंगाचे डबे, जुने बोर्ड त्याच दिवशी बाहेर काढायचे. भोके बुजवायला तीस दिवसांची मुदत, कारण दर मजल्यावर काम करताना वीज बंद ठेवावी लागते. इथे नेहमीची चूक अशी की दारे-खिडक्यांच्या फटींत भरायचा पिवळट फोम स्वस्त म्हणून भोकात भरला जातो. साधा फोम स्वतःच पेटतो. दोन तास आग रोखणाऱ्या प्रमाणित फायर-स्टॉप साहित्याने भोक बुजवले आहे, हे साहित्याच्या प्रमाणपत्रासह अहवालाला जोडावे लागते.

तिसरी नोंद : हायड्रंटचा पंप ‘मॅन्युअल’वर, सर्वांत वरच्या व्हॉल्व्हवर दाब 1.2. सर्वांत दूरच्या हायड्रंटवर साधारण 3.5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब अपेक्षित असतो. पाणी दर 10 मीटर वर चढवायला सुमारे 1 किलो दाब खर्ची पडतो. म्हणजे 26 मीटरसाठी 2.6 आणि वर 3.5 हवे म्हणून खाली पंपापाशी किमान 6.1, शिवाय पाइपातल्या घर्षणासाठी थोडा अधिक. पंपापाशीच दाब कमी असेल तर दोष पंपात आहे. तिथे पुरेसा असूनही वर पोहोचत नसेल तर दोष वाटेत आहे, म्हणजे गळती, गंज किंवा अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह.

‘मॅन्युअल’मागे बहुधा गळतीच असते. लाइनमधला दाब थोडा उतरला की तो भरून काढायला छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होतो. गळती असेल तर तो दर काही मिनिटांनी सुरू होतो आणि बंद होतो. आवाज होतो, बिल वाढते. मग कोणी तरी पॅनेलची कळ ‘मॅन्युअल’वर फिरवतो आणि सगळीकडे शांतता होते. आगीच्या वेळी मात्र होज उघडल्यावर मोठा पंप आपोआप सुरू होत नाही. खाली जाऊन तो हाताने सुरू करावा लागतो आणि पंप रूमची किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नसते. श्रेणी अतिगंभीर. त्याच दिवशी कळ ‘ऑटो’वर, सात दिवसांत गळती बंद, आणि त्यानंतर गच्चीलगतच्या व्हॉल्व्हवर गेज लावून पुन्हा मोजणी.

या तिन्हींच्या शेजारी ‘दोन सिलिंडरांची रिफिल मुदत संपली’ ही नोंद ठेवली की फरक कळतो. ती दुरुस्ती सर्वांत सोपी, म्हणून बहुतेक इमारतींत तीच आधी होते. सिलिंडर लाल आणि नजरेसमोर असतो, उघडी डक्ट दाराआड असते.

दोन तारखा

मुदतीच्या रकान्यात एकच तारीख असेल तर तो अहवाल अर्धा आहे. कायमच्या दुरुस्तीला वेळ लागतो. साहित्य मागवायचे असते, सभेत वर्गणी मंजूर व्हायची असते. तोपर्यंत धोका थांबत नाही, म्हणून आजचा तात्पुरता उपाय आणि पुढची कायमची दुरुस्ती अशा दोन तारखा लागतात. पहिली तारीख खर्चावर ठरत नाही. कुलूप काढणे, कळ फिरवणे, खोकी उचलणे याला पैसे लागत नाहीत. अशा कामाला कोणी तीस दिवसांची मुदत लिहिली असेल, तर त्याने जोखीम मोजलेली नाही.

आणखी एक गैरसमज इथेच होतो. खासगी ऑडिटने दिलेली तीस दिवसांची मुदत म्हणजे तीस दिवसांचे संरक्षण नव्हे. त्या काळात आग लागली तर जबाबदारी मालकाचीच असते आणि त्याला धोका ठाऊक होता हे अहवालच सांगतो. अग्निशमन विभागाने स्वतः तपासणी करून नोटीस दिली असेल तर तिच्यातली मुदत वेगळी आणि बंधनकारक असते. इमारत तातडीने धोकादायक असल्याची मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याची खात्री झाली, तर ती रिकामी करायला लावण्याचा आणि वीज-पाणी तोडायला लावण्याचा अधिकार कायद्यात आहे.

मुदत ठरवताना शेजारची इमारतही पाहावी लागते. 18 एप्रिल 2023च्या रात्री ठाण्यात कापूरबावडीजवळच्या ओरियन बिझनेस पार्कला लागलेली आग लगतच्या सिनेवंडर मॉलपर्यंत पोहोचली होती. भिंतीला भिंत किंवा पार्किंगला पार्किंग लागून असेल, तर एका इमारतीची ‘गंभीर’ नोंद शेजारच्या गाळेधारकाच्याही जिवावर बेतू शकते.

नोंद कधी बंद होते

दुरुस्तीचे बिल किंवा ठेकेदाराचे पत्र आले की तक्त्यात ‘पूर्ण’ असा शिक्का मारण्याची पद्धत आहे. बिलावरून पैसे दिल्याचे कळते, काम झाल्याचे नाही. नोंद बंद करताना तपासनिसाने जागेवर येऊन जिन्याचे दार ढकलावे, डक्टमध्ये टॉर्च लावून अंधार दिसतो ना ते पाहावे आणि सर्वांत वरच्या व्हॉल्व्हवर गेज लावून आकडा वाचावा. ही तिन्ही कामे अर्ध्या तासात होतात. ती करताना गाळेधारकांपैकी एकाने सोबत उभे राहावे आणि वाचलेला आकडा तारखेसह तक्त्यातच लिहून घ्यावा.