अरीय वितरण फलन आणि s इलेक्ट्रॉनांचा अंतःप्रवेश

एकाच कवचातील s इलेक्ट्रॉन p इलेक्ट्रॉनापेक्षा अणुकेंद्राच्या अधिक निकट जातो, हे विधान अणुरचनेच्या प्रत्येक पाठ्यग्रंथात आढळते. परंतु हायड्रोजनच्या तरंगफलनांवरून सरासरी अंतर काढून पाहिल्यास उलटाच निष्कर्ष निघतो. बोर त्रिज्या a₀ हे एकक घेतले असता 2s इलेक्ट्रॉनाचे केंद्रापासूनचे सरासरी अंतर ६ येते, तर 2p चे ५. म्हणजे सरासरीने पाहता 2s हाच अधिक दूर राहतो. हा विरोध वरवरचा आहे. तो कसा सुटतो हे समजले म्हणजे अंतःप्रवेश या संज्ञेचा नेमका अर्थही स्पष्ट होतो.

केंद्रापासून r या अंतरावर इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता विचारताना दोन राशींत भेद करावा लागतो. तरंगफलनाचा वर्ग हा एखाद्या बिंदूपाशी असलेली संभाव्यतेची घनता दर्शवितो. r आणि r + dr या त्रिज्यांमधील संपूर्ण गोलीय थरातील संभाव्यता हवी असल्यास त्या घनतेला थराच्या आकारमानाने गुणावे लागते. यातून मिळणारे P(r) = r²R² हे अरीय वितरण फलन होय; येथे R हा तरंगफलनाचा अरीय भाग आहे. s कक्षकाची घनता केंद्रापाशी महत्तम असते, तरी P(r) तेथे शून्य होते. कारण त्या ठिकाणी थराचे आकारमानच शून्य होते. घनतेचा आलेख आणि P(r) चा आलेख यांची गल्लत झाल्यास पुढील विवेचन समजणे अशक्य होते.

हायड्रोजनसाठी, r हे a₀ मध्ये मोजून,

P(2s) = (1/8) r² (2 − r)² e^(−r)
P(2p) = (1/24) r⁴ e^(−r)

2p चे फलन एकशिखरी असून त्याचे शिखर r = ४ येथे आहे. 2s ला दोन शिखरे आहेत. मोठे शिखर ५.२४ येथे, म्हणजे 2p च्या शिखराच्या बाहेर आहे. लहान शिखर ०.७६ येथे आहे, आणि त्यांच्यामध्ये r = २ येथे निस्पंद आहे. सरासरी अंतर मोठे येते ते बाहेरील शिखरामुळे. अंतःप्रवेश घडतो तो आतील लहान शिखरामुळे.

हे आतील शिखर किती महत्त्वाचे, ते समाकलनाने ठरविता येते. r = २ पर्यंतच्या गोलात 2s इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता 1 − 7e^(−2), म्हणजे सुमारे ५.३ टक्के येते. लक्षणीय गोष्ट अशी की 2p साठीही नेमकी हीच राशी मिळते. म्हणून "s इलेक्ट्रॉन आतील भागात अधिक काळ असतो" असे मोघम म्हणणे पुरेसे नाही; आतील भाग कोठपर्यंत, हे सांगितले पाहिजे. गोल r = १ पर्यंत लहान केला की चित्र पालटते. 2s साठी ३.४ टक्के संभाव्यता उरते, 2p साठी केवळ ०.३७ टक्के. केंद्राच्या आणखी जवळ गेल्यास हे गुणोत्तर वाढतच जाते, कारण तेथे P(2s) हे r² च्या, तर P(2p) हे r⁴ च्या प्रमाणात बदलते.

या भेदाचे कारण कोनीय संवेगात आहे. अरीय समीकरणात कूलोंबच्या आकर्षणाबरोबर l(l+1)/2r² हे केंद्रोत्सारी पद येते. l = १ असताना ते 1/r² होते. कूलोंबचे पद −1/r असल्यामुळे r = १ च्या आत अपसारणाची सरशी होते. 2p ची ऊर्जा −1/8 असल्याने अभिजात यामिकीनुसार इलेक्ट्रॉनाने r = ४ − २√२, म्हणजे १.१७ येथूनच माघारी फिरावयास हवे. त्याच्या आत 2p चे जे अस्तित्व आढळते ते केवळ तरंगस्वरूपामुळे, आणि म्हणून ते झपाट्याने क्षीण होते. s इलेक्ट्रॉनाचा कोनीय संवेग शून्य असल्याने त्याच्या मार्गात असा बांध नाही.

एवढ्यावरून 2s ची ऊर्जा 2p पेक्षा कमी असावी असे मात्र म्हणता येत नाही. हायड्रोजनमध्ये दोन्ही अवस्थांसाठी 1/r ची सरासरी १/४ इतकीच येते, आणि श्रोडिंगरच्या समीकरणानुसार दोहोंची ऊर्जा तंतोतंत समान, −३.४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, असते. आतील शिखरामुळे 2s ला जो लाभ होतो तो बाहेरील शिखर दूर असल्याने नाहीसा होतो. अंतःप्रवेशाला ऊर्जेच्या दृष्टीने अर्थ प्राप्त होतो तो आतील कवच अस्तित्वात असेल तेव्हाच.

याचे सर्वांत सोपे उदाहरण लिथियमचे आहे. त्याच्या केंद्रावर +३ भार असून दोन 1s इलेक्ट्रॉन त्यातील दोन एककांचे आच्छादन करतात. या 1s कक्षकांसाठी घातांक ζ = 3 − 5/16 = 2.69 घेतल्यास त्यांच्या भाराचा सुमारे ९० टक्के भाग r = १ च्या आत सामावतो. बाह्य इलेक्ट्रॉन या गोलाच्या बाहेर असताना त्याला जवळजवळ +१ भारच जाणवतो. आत शिरल्यावर आच्छादन अपुरे पडते व आकर्षण वाढते. हे अतिरिक्त आकर्षण आण्विक एककांत पुढीलप्रमाणे आहे:

ΔV(r) = −2 (ζ + 1/r) e^(−2ζr)

हायड्रोजनची तरंगफलने तशीच ठेवून या पदाची सरासरी काढली, तर 2s ची ऊर्जा ०.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने, आणि 2p ची अवघ्या ०.०२ ने खाली येते. r = १ च्या आतील संभाव्यतांचे गुणोत्तर सुमारे नऊ होते; ऊर्जेतील गुणोत्तर मात्र सदतिसाच्या घरात जाते. याचे कारण असे की ΔV केंद्राजवळ अतिशय तीव्र आहे आणि तेथेच 2p सर्वांत दुर्बळ आहे.

प्रयोगाशी तुलना करता या गणिताची मर्यादा दिसून येते. लिथियममधून 2s इलेक्ट्रॉन काढून घेण्यास ५.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर उत्तेजित 2p अवस्थेतून ३.५४. दोहोंतील १.८५ चे अंतर म्हणजेच लिथियमच्या ६७१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल रेषेची ऊर्जा. हायड्रोजनच्या मूल्यापासून 2s प्रत्यक्षात १.९९ ने आणि 2p ०.१४ ने खाली गेलेला आहे. गणिताने क्रम व दिशा योग्य दिली, परंतु परिमाण कमी दिले. त्याचे मुख्य कारण असे की अतिरिक्त आकर्षणामुळे स्वतः तरंगफलनच आत ओढले जाते. हायड्रोजनचे न बदललेले फलन ही गोष्ट दाखवू शकत नाही. शिवाय हायड्रोजनचे 2s फलन लिथियमच्या 1s फलनाशी लंबकोनी नाही, आणि समान फिरकीच्या इलेक्ट्रॉनांमधील विनिमय परस्परक्रियाही येथे वगळलेली आहे. 2p च्या बाबतीत आतील कवचाचे ध्रुवीकरण हेही कारण संभवते, कारण त्याचा अंतःप्रवेश इतका अल्प आहे की इतर लहान परिणाम त्याच्या बरोबरीला येतात.

सारांश, s इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेचा निर्णय त्याच्या सरासरी अंतरावरून किंवा मोठ्या शिखराच्या स्थानावरून करता येत नाही. आतील कवचाचा भार ज्या भागात पसरलेला आहे, त्या भागात P(r) किती आहे, हाच निर्णायक प्रश्न होय. लिथियममध्ये 2s इलेक्ट्रॉनाचा फार थोडा अंश तेथे पोहोचतो. परंतु तेवढा अंशही 2s व 2p यांची हायड्रोजनमधील समानता मोडण्यास पुरेसा ठरतो.