बाथरूमचा खर्च: आधी मापं, मग दर

बाथरूम नव्याने करायचं ठरलं की आपण आधी टाइल्सच्या दुकानात जातो. अंदाज मात्र मोजपट्टीने सुरू करावा.

५ बाय ७ फुटांचं बाथरूम घेऊ. चार भिंतींची लांबी २४ फूट. ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स लावल्या, तर १६८ चौरस फूट होतात. दाराचे साधारण १८ वजा करून जमिनीचे ३५ मिळवले की १८५. कापाकापीत तुटतात म्हणून दहा टक्के जास्त, म्हणजे सुमारे २०४ चौरस फूट. टाइलचा दर ६० रुपये धरला, तर १२,२४० रुपये. चिकटवण्याचं सामान आणि मजुरी वेगळी.

खरी चूक राडारोड्यात होते. जुन्या टाइल्स आणि मागचा गिलावा मिळून दोन इंच धरले, तर सुमारे ३१ घनफूट माल निघतो. फोडल्यावर तो फुगून दीडपट होतो, म्हणजे घनफुटाला एक याप्रमाणे ४५ ते ५० गोण्या. जमिनीखालचा फूटभर भराव काढला, तर जवळपास तेवढ्याच आणखी. म्हणून ‘भराव काढायचा का?’ हे आधी ठरवा आणि गोण्या खाली उतरवणं, टेम्पो हे दरपत्रकात वेगळं लिहून घ्या.

प्लंबर सहसा पॉइंटवर पैसे घेतो. कमोड, बेसिन, शॉवर, गिझर असे पॉइंट मोजा. कमोड, बेसिन, नळांची किंमत स्वतंत्र धरा. भराव काढला असेल, तर वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून निदान २४ तास ठेवा. खालच्या छताला ओल आली नाही, तरच टाइल्स बसवा.