रग्बीतले साडेसहा आणि साडेसात

रग्बी युनियनमध्ये बलाढ्य आणि दुबळा संघ भिडतात तेव्हा कोण जिंकणार, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून बुकी बलाढ्य संघाच्या गुणांतून आधीच काही वजा करतो. त्याला हँडिकॅप लाइन म्हणतात. लाइन साडेसात असेल, तर त्या संघाने किमान ८ गुणांनी जिंकायला हवं. साडेसहा असेल, तर ७ पुरतात. फरक एकाच गुणाचा, पण ११ आणि १२ यांच्यामधल्या एका गुणापेक्षा तो कितीतरी महाग आहे.

कारण गुण मिळण्याच्या पद्धतीत आहे. ट्रायचे ५, त्यानंतरच्या कन्व्हर्जन किकचे २, पेनल्टी किकचे ३ आणि ड्रॉप गोलचेही ३. त्यामुळे ३ आणि ७ हे आघाडीचे नैसर्गिक थांबे होतात. त्यांचीच बेरीज १०, दोन पूर्ण ट्रायचे १४.

पण ७ ला खरं वजन आलं ते बोनस गुणामुळे. सिक्स नेशन्समध्ये २०१७ पासून ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्याला गुणतक्त्यात एक गुण मिळतो. समजा, ७८व्या मिनिटाला २४–१४ असा गुणफलक आहे आणि मागे असलेल्या संघाला पेनल्टी मिळाली. तीन गुणांनी सामना काही जिंकता येत नाही, तरी कर्णधार गोलपोस्टकडे बोट दाखवतो. किक बसते, २४–१७. प्रेक्षकांच्या लेखी सामना कधीच संपलेला असतो, पण इथेच साडेसहावाला जिंकतो, साडेसातवाला हरतो, आणि ज्याने नेमकी ७ ची लाइन घेतली त्याला त्याचे पैसे जसेच्या तसे परत मिळतात.

तरीही या आकड्यांची पोथी करू नये. अमेरिकन फुटबॉलमध्ये ३ आणि ७ चा पगडा याहून कितीतरी पक्का आहे, कारण तिथे टचडाउननंतरची किक समोरूनच मारतात आणि ती क्वचितच चुकते. रग्बीत ट्राय जिथे झाला त्याच रेषेत मागे येऊन कन्व्हर्जन मारावं लागतं. कोपऱ्यात ट्राय झाला, तर कोन इतका तिरका होतो की भलेभले चुकतात. शिवाय किकर धावत सुटला की बचाव करणारेही त्याच्यावर धावून जाऊ शकतात. २०२३ च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेने फ्रान्सच्या तोमा रामोसचं कन्व्हर्जन असंच अडवलं. दोन गुण गेले, आणि सामना २९–२८ असा एका गुणाने संपला. ७ चे ५ असे वरचेवर होतात, म्हणून फरक इतर आकड्यांवरही पसरतो. १४, २१ पर्यंत पोचेतो त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो.

लाइन वाचण्याआधी स्पर्धेचा नियम मात्र जरूर पाहा. फ्रान्सच्या टॉप १४ लीगमध्ये हरणाऱ्याला बोनस मिळतो तो ५ किंवा त्याहून कमी फरकाला, ७ ला नाही.