भाड्यावर टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला का?



आजचा विषय माझ्या एका कोर्समेटमुळे सुचला. आम्ही दोघं एकाच वर्षी फौजेत गेलो आणि थोड्या अंतरानं निवृत्त झालो. तो आता बडोद्याला असतो. राहतं घर स्वतःचं आहे आणि वडिलांनी ठेवलेला दुकानाचा एक गाळा आहे. तो गाळा एका कुरिअर कंपनीला महिना २५,००० रुपये भाड्यानं दिलेला आहे.

गेल्या वर्षी एके संध्याकाळी त्याचा फोन आला. "अरे, माझं रिटर्न सदोष आहे म्हणे! इन्कम टॅक्सवाल्यांचा ईमेल आलाय. मी तर सगळं वेळेत भरलं होतं."

मी म्हटलं, "दुकानाचं भाडं दाखवलंस का?"

"ते कशाला दाखवायचं? कंपनी दर महिन्याला टॅक्स कापूनच पैसे देते. मला २२,५०० मिळतात. त्याचा कर भरून झाला ना!"

गोम नेमकी इथेच आहे. असं समजणारी बरीच मंडळी मला भेटतात, म्हणून त्याचाच हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो.

टीडीएस हा तुमचा अंतिम कर नसतो. भाडेकरूनं तुमच्या नावावर सरकारकडे आगाऊ जमा केलेली ती रक्कम असते. तुमचा खरा कर किती, हे वर्षाचं सगळं उत्पन्न एकत्र केल्यावरच ठरतं. भाडेकरू मात्र तुमची पेन्शन किती, तुम्ही कोणत्या स्लॅबमध्ये बसता, यातलं काहीही न पाहता भाड्याच्या सरसकट दहा टक्के कापतो. म्हणून भाडं रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं, आणि कापलेली रक्कम त्यावरच्या करातून वजा होते.

आता त्याच्या रिटर्नमध्ये काय झालं ते बघू. वर्ष २०२४-२५. पेन्शन ९,७५,०००. नव्या कर पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरले ९ लाख. त्यावर सेससह कर ४१,६००, आणि तो पेन्शनमधून आधीच कापलेला होता. हिशेब सोपा राहावा म्हणून बँकेचं व्याज बाजूला ठेवतो.

त्यानं आयटीआर-१ उघडला. पेन्शनचा आकडा आधीच भरलेला होता. टीडीएसच्या तक्त्यात कुरिअर कंपनीनं कापलेले ३०,००० रुपयेही आपोआप आलेले होते. भाड्याचा आकडा मात्र आपोआप आला नाही, आणि त्यानंही भरला नाही. स्क्रीनवर ३०,००० रुपयांचा परतावा दिसला. गडी खूश झाला आणि रिटर्न पाठवून मोकळा झाला.

कायद्याचा नियम असा, की टीडीएसची रक्कम मागायची तर ज्या उत्पन्नावर ती कापली ते उत्पन्नही दाखवायचं. यानं टीडीएस मागितला आणि भाडं दाखवलं नाही. खात्याच्या संगणकानं दोन्ही बाजू ताडून पाहिल्या आणि कलम १३९(९) खाली रिटर्न सदोष ठरवलं. अशा नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवस मिळतात. अर्ज करून मुदत वाढवून मागता येते. पण उत्तर दिलंच नाही, तर ते रिटर्न भरलंच नव्हतं असं धरलं जाऊ शकतं.

आम्ही आधी पोर्टलवर `e-File > Income Tax Returns > View Form 26AS` इथे जाऊन फॉर्म २६एएस काढला. त्यात कंपनीचं नाव, भाडं ३,००,००० आणि कापलेला कर ३०,००० असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मग `e-Proceedings` मधली नोटीस उघडली, चूक मान्य केली आणि दुरुस्त रिटर्न भरायला घेतलं.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, फॉर्म. त्या वर्षी आयटीआर-१ मध्ये एकच घर दाखवता येत होतं. राहतं घर आणि गाळा मिळून याच्याकडे दोन मालमत्ता झाल्या, म्हणून आयटीआर-२ भरावा लागला. गाळा दुकानाचा असला तरी त्याचं भाडं 'हाउस प्रॉपर्टी' या सदरातच जातं.

दुसरी, भाड्याचा आकडा. बँकेत २,७०,००० आले म्हणून तोच आकडा लिहायचा नाही. कापण्याआधीचं पूर्ण भाडं, म्हणजे ३,००,००० लिहायचं. भाडेकरूचा पॅन किंवा टॅन क्रमांकही तिथेच द्यायचा. आणि टीडीएसच्या तक्त्यात त्या ३०,००० समोर 'हाउस प्रॉपर्टी' हे सदर निवडायचं. दोन्ही तक्ते एकमेकांशी जुळायला हवेत.

तिसरी, हक्काची वजावट. यानं गाळ्याचा १०,००० रुपये महापालिकेचा कर त्याच वर्षी स्वतः भरला होता. तो वजा केला, उरले २,९०,०००. त्यातून ३० टक्के, म्हणजे ८७,००० सरसकट वजा झाले. त्यासाठी एकही पावती लागत नाही, आणि नव्या कर पद्धतीतही ही सूट मिळते. करपात्र भाडं राहिलं २,०३,०००.

एकूण उत्पन्न झालं ११,०३,००० आणि सेससह कर ६८,०६८. दोन्हीकडून कापलेले मिळून ७१,६००. म्हणजे परतावा होता, पण ३०,००० नव्हे, फक्त ३,५३०! भाडं न दाखवून त्यानं जवळजवळ साडेसव्वीस हजार रुपये जास्त मागितले होते. दुरुस्त रिटर्न भरलं, ई-व्हेरिफाय केलं, आणि काही आठवड्यांनी ३,५३० रुपये जमा झाले.

ज्याचं उत्पन्न मोठं आहे आणि जो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे, त्याचं चित्र उलटं असतं. त्याला कापलेले दहा टक्के पुरत नाहीत, खिशातून आणखी कर भरावा लागतो.

समजा नोटीस आली नसती आणि चूक नंतर कळली असती तर? त्या वर्षाचं सुधारित रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होतं. त्यानंतर उरतं ते अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. त्यात पहिल्या वर्षी कर आणि व्याज यांच्यावर २५ टक्के जादा भरावे लागतात, आणि जितका उशीर तितका हा टक्का वाढतो. शिवाय परतावा मागण्यासाठी आयटीआर-यू चालत नाही. आणि चूक आपण सुधारण्याआधी खात्यानं पकडली, तर त्या उत्पन्नावरच्या कराच्या निम्मा दंड होऊ शकतो. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं, तर तो दुप्पट करापर्यंत जातो.

आता एक नवा बदल सांगतो, कारण त्यातून उलटी चूक होईल. १ एप्रिल २०२५ पासून महिना ५०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर कंपनीला हा कर कापावा लागत नाही. आधी ही मर्यादा वर्षाला २,४०,००० होती. म्हणजे माझ्या मित्राला आता पूर्ण २५,००० मिळतात आणि २६एएसमध्ये त्याची नोंद दिसत नाही. नोंद नाही म्हणून उत्पन्न नाही, असं समजू नका. भाडं दाखवायचंच, आणि त्यावरचा कर आता आपणच भरायचा.

मित्रानं मला शेवटी विचारलं, "मग मी दरवर्षी करू तरी काय?" मी म्हटलं, "रिटर्न पाठवण्याआधी २६एएस काढून शेजारी ठेव. त्यातल्या प्रत्येक कापणीपुढे त्याचं उत्पन्न आपल्या रिटर्नमध्ये आहे का, ते पेन्सिलीनं खूण करत बघ. मग भाडेकरार आणि पासबुक घे, आणि कर न कापता आलेलं काही राहिलं का ते तपास."

फौजेत स्टोअरचा चार्ज घेताना आपण हेच करायचो. लेजर आणि माल जुळल्याशिवाय सही नाही.

जय हिंद.