ताटातील उतारा

शंभर किलो तुरीपासून शंभर किलो डाळ निघत नाही, हे लातूर परिसरातील प्रत्येक व्यापारी जाणतो. म्हणून डाळीचा भाव केवळ तुरीच्या भावावर नव्हे, उताऱ्यावरही ठरतो. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात मात्र हा नियम पुष्कळदा विसरला जातो.

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी चालणाऱ्या जैन भोजनालयाचे उदाहरण घेऊ. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची रस्साभाजी आहे, कर वगळून दर 120 रुपये. एका वाटीत 150 ग्रॅम केळे लागते. केळी 40 रुपये किलो धरल्यास त्याचे सहा रुपये आणि तेल, मसाला, टोमॅटो, काजू यांचे 24 रुपये होतात. खर्च 30 रुपये, म्हणजे विक्रीच्या 25 टक्के. कागदावर हे समाधानकारक दिसते.

आता दहा किलो केळी सोलून, देठ काढून, काळी पडू नये म्हणून पाण्यात ठेवलेल्या फोडी निथळून तोलाव्यात. गर सहा किलो भरला, तर त्याचा खरा भाव 40 भागिले 0.60, म्हणजे सुमारे 67 रुपये होतो. वाटीतील केळे सहाचे नव्हे, दहा रुपयांचे ठरते. खर्च 34 रुपये, प्रमाण 28 टक्के. हा उतारा मालाप्रमाणे बदलतो, म्हणून माल बदलला की पुन्हा तोलावे.

दुसरी गळती पळीची. वाटी 250 ग्रॅमची ठरलेली असताना वाढपी 280 ग्रॅम वाढू लागला, तर खर्च 12 टक्क्यांनी चढून 38 रुपयांवर जातो.

तिसरी गळती उरलेल्या भाजीची. रात्र उलटलेले ओले अन्न आपल्याकडे वर्ज्य, त्यामुळे उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. दहावा हिस्सा उरत असेल, तर 38 ला 0.90 ने भागावे. खर्च सुमारे 42 रुपये, प्रमाण 35 टक्के. दरात पाच टक्के जीएसटी धरलेला असेल, तर हाती 114 रुपयेच उरतात आणि प्रमाण 37 टक्क्यांवर पोहोचते.

ही गळती ओळखावी कशी? महिन्याच्या आरंभीची शिल्लक अधिक खरेदी, वजा अखेरची शिल्लक, हा प्रत्यक्ष वापर. विकलेल्या वाट्या गुणिले 34, हा अपेक्षित वापर. दोन्हींतील अंतर बहुधा पळीत किंवा उरलेल्या पातेल्यात असते. सालीचा हिशेब 34 मध्ये आधीच आलेला आहे.

तीस टक्के राखण्यासाठी दर 141 रुपये करावा लागेल. परंतु मापाची पळी ठेवली आणि भाजी दोन खेपांत शिजवून उरणे पाच टक्क्यांवर आणले, तर खर्च 36 रुपयांच्या आत येतो आणि 120 रुपयांचाच दर पुरतो. सालीचे नुकसान अटळ आहे. उरलेली दोन मात्र मालकाच्या हाती आहेत.